‘पुस्तकापाशी’ मालिकेच्या सुरुवातीची क्लिप: प्रॉम्प्ट, तिसरा खर्डा

मागच्या दोन खेपांना बाईंना पानं उलटायला लावली आणि दोन्हीदा बोटं पानांत विरघळली. एकदा तर सहावं उगवलं. म्हणून आता हाताला कामच कमी दिलंय. खालचा मजकूर जसाच्या तसा टाका.

मुख्य प्रॉम्प्ट

एकच सलग शॉट, पाच सेकंद. साठीतली बाई लाकडी टेबलाशी बसली आहे. चौकटीत तिचं खांद्यापासून टेबलापर्यंतचंच अंग. समोर मिटलेलं जाड पुस्तक, निळी कापडी बांधणी, कव्हर कोरं आणि एकरंगी. उजवा हात कव्हरवर पालथा टेकलेला: चार बोटं सरळ, एकमेकांना लागून, अंगठा किंचित बाजूला, पाचही नखं स्पष्ट. मनगटापर्यंत राखाडी सुती बाही. डावा हात टेबलाखाली, चौकटीबाहेर. पहिलं दीड सेकंद हात स्थिर. मग अख्खा तळवा कव्हरवरून उजवीकडे चार बोटं अंतर सावकाश सरकतो. बोटं टेकलेली आणि आपापल्या जागी. शेवटच्या सेकंदात हात थांबतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, थोडा वरून बघणारा. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमची चौकट एकच. मागे सलग फिकट मातकट भिंत, जराशी धूसर. डावीकडच्या खिडकीतून ढगाळ दुपारचा मऊ उजेड, पाचही सेकंद तेवढाच. सावली जागच्या जागी. हलतो तो फक्त हात.

निगेटिव्ह प्रॉम्प्टचा रकाना

जादा बोटं, जोडलेली बोटं, वाकडं मनगट, तिसरा हात, अक्षरं, आकडे, लोगो, वॉटरमार्क, सबटायटल, लुकलुकणारा उजेड, थरथरणारी भिंत, बदलणारी सावली, झूम, कॅमेऱ्याचा हलका झोका

(इथे ‘नको’, ‘नसावं’ लिहू नका, नुसती नावं. आणि यातलं काहीही वरच्या प्रॉम्प्टमध्ये नेऊ नका. ‘सहावं बोट नको’ म्हटलं की मॉडेल ‘सहावं बोट’ तेवढं उचलतं.)

चालवताना

16:9, 24 फ्रेम प्रतिसेकंद, म्हणजे एकूण 120 फ्रेम. सीड 41207 कायम ठेवा. आधी याच वर्णनाचं स्थिर चित्र काढा, 200 टक्के मोठं करून बोटं मोजा, आणि नीट असेल तरच ते पहिली फ्रेम म्हणून द्या. बिघडलेल्या फ्रेमवरून क्लिप सुधारेल ही आशा मी सोडली आहे.

भिंतीऐवजी पुस्तकांचं कपाट हवं होतं, कबूल. पण पन्नास कण्यांवर पन्नास बोगस लिप्या उमटतात आणि दर फ्रेमला बदलतात. भिंतच राहू दे.

मालिकेचं नाव कव्हरवर एडिटिंगमध्येच बसवायचं. मॉडेलकडून ‘पुस्तकापाशी’ लिहून घेतलं तेव्हा ‘स्त’चा चुरा झाला होता आणि वेलांटी अर्ध्या वाटेत गायब. कव्हर हलत नसल्यामुळे अक्षरांना ट्रॅकिंग लागणार नाही; हात मात्र मास्क करून अक्षरांच्या वर घ्या.