महाबळेश्वरचा बेत: १० ते १२ फेब्रुवारी

बाबा, आई, आत्या, दादा, वहिनी,

काल फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहून पाठवते. ओवीलाही वाचून दाखवा.

मंगळवारी निघायचं, गुरुवारी परत. आठवड्याच्या मधले दिवस मुद्दाम घेतलेत. शनिवार-रविवारी त्याच खोलीचे जास्त पैसे मोजावे लागतात आणि घाटात गाड्यांची रांग लागते ती वेगळीच. १५ तारखेला महाशिवरात्र आहे, तेव्हा क्षेत्र महाबळेश्वरला गर्दी होईल. आपण त्याआधीच दर्शन घेऊन आलेलो असू.

जायचं एसटीने. दादा, तू गाडी करू म्हणालास, पण हिशोब बघ. बाबांना ७५ पूर्ण झाली, त्यांना तिकीट नाही. आई, आत्या, वहिनी, मी आणि ओवी अर्ध्या तिकिटात. पूर्ण तिकीट तुझं एकट्याचं. माणसं सात आणि भाडं साडेतीन तिकिटांचं! वाचलेले पैसे तिथल्या टॅक्सीला घालू, म्हणजे वर कुणाला पायपीट नको. स्वारगेटहून आठच्या आसपासची गाडी बघते. जागा पुढच्याच घेते, मागच्या चाकावरच्या नाहीत. पसरणी घाटात आत्याला मळमळतं. आत्या, वाई यायच्या अर्धा तास आधी गोळी घे, घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

खोल्या दोन, बाजारपेठेजवळ, दोन्ही तळमजल्यावर. फोन करून चार गोष्टी विचारून घेतल्या: कमोड आहे का, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, दारात पायऱ्या किती, गरम पाणी किती वाजेपर्यंत. पायऱ्या दोन आहेत. गरम पाणी सकाळी नऊपर्यंतच, तेव्हा आई-बाबांच्या आंघोळी आधी. दांडी नाही, म्हणून प्लास्टिकचं स्टूल मागून ठेवलंय.

मंगळवारी दुपारी पोचलो की जेवून झोपायचं. चारनंतर वेण्णा तलाव. ज्यांना होडीत बसायचंय ते बसतील, बाकीचे काठावर. दिवस तेवढ्यावरच संपवायचा.

बुधवार मुख्य. नाश्त्यानंतर टॅक्सीने क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी दगडी गोमुखातून पडतं. आईला ते कधीपासून बघायचंय, म्हणून तिथे घाई नाही, तासभर लागला तरी चालेल. फरशी ओली असते, पायमोजे काढूनच आत जायचं आणि बाबांचा हात दादाने धरायचा. साडेबाराला परत. जेवण, झोप, आणि संध्याकाळी मुंबई पॉइंटला सूर्यास्त. सूर्य बुडाला की गारठा लगेच झोंबतो, त्यामुळे स्वेटर आणि कानटोप्या पिशवीत नकोत, अंगावर हव्यात.

गुरुवारी सूर्योदयाला विल्सन पॉइंट. पहाटे उठायचं आहे, मनात असेल त्यांनीच या. मग सामान आवरून, बाजारात थोडं फिरून दुपारची एसटी.

प्रतापगड मी काढून टाकलाय, दादा रागावशील. चारशेच्या वर पायऱ्या आहेत. मागच्या सहलीत आई म्हणाली, "तुम्ही या जाऊन, मी बसते." आपण दीड तासाने खाली आलो तेव्हा ती गाडीत सगळ्यांचे स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती, ओवीची पाण्याची बाटलीसुद्धा तिच्याच हातात. घरी आल्यावर फोटो बघितले, एकाही फोटोत आई नव्हती. या खेपेला जिथे आईला गाडीत बसून राहावं लागेल तिथे आपण कुणीच जायचं नाही. लिंगमळाही त्याच कारणाने नको. खाली उतरायचं, परत चढायचं, आणि फेब्रुवारीत धबधब्याला पाणी तरी किती असणार.

खर्चाला २२,००० धरलेत. खोल्या ७,२००, एसटी २,०००, दोन्ही दिवसांची टॅक्सी ४,०००, जेवणखाण ६,०००, होडी आणि किरकोळ ८००. उरलेले २,००० अडीअडचणीला, त्यांना हात लावायचा नाही. दादा आणि मी निम्मे निम्मे. बाबा, तुम्ही पाकीट काढायचं नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

बाबांच्या बीपीच्या गोळ्या पाच दिवसांच्या घ्या आणि दोन ठिकाणी ठेवा, निम्म्या आईच्या पर्समध्ये. सवलतीसाठी बाबांचं आधारकार्ड आठवणीने बरोबर घ्या. वहिनी, आईची काठी आठवणीने. ती न्यायला लाजते, तू आपल्या हातात घेऊनच नीघ.

तिकिटं रविवारी रात्री काढते. कुणाला काही बदलायचं असेल तर त्याआधी कळवा.

मनू