चि. ईशानच्या न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीबाबत

कोथरूड, पुणे
१२ ऑगस्ट २०२४

ईशानच्या आई-बाबांना,
स. न. वि. वि.

ईशानची तपासणी तीन बैठकांत पूर्ण झाली आहे. आकड्यांचा सविस्तर अहवाल सोबत आहे. तो वाचताना काय समजून घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र.

बहुतेक चाचण्यांत १०० हा त्या वयाचा सरासरी गुण असतो आणि सुमारे दोन तृतीयांश मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. भाषेतून विचार करण्यात ईशानला ११२ गुण आहेत, म्हणजे त्याच्या वयाची १०० मुले घेतली तर तो साधारण ७९ जणांच्या पुढे असेल. ऐकलेली माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करण्यात मात्र त्याला ८२ आणि वाचनात ७५ गुण आहेत. बुद्धी चांगली असून वाचन चौथीऐवजी दुसरीच्या पातळीवर का, याचे उत्तर पुढील निरीक्षणांत सापडते.

‘कागद’मधला ‘ग’ काढून शब्द सांग, असे म्हटल्यावर तो बराच वेळ बोटे मोजत बसला आणि शेवटी ‘कद’ म्हणाला. ‘पर्वत’ त्याने ‘प्रवत’ असा वाचला. तोच उतारा मी वाचून दाखवला, तेव्हा मात्र त्याने सर्व प्रश्नांची अचूक उत्तरे दिली, शिवाय गोष्टीतला म्हातारा खोटे बोलतो आहे हेही ओळखले. शब्दातले ध्वनी सुटे करणे आणि त्यांची अक्षरांशी सांगड घालणे, इथेच त्याची गाडी अडते. याला वाचनातील विशिष्ट अध्ययन अक्षमता किंवा डिस्लेक्सिया म्हणतात. डोळे व कान आपण आधीच तपासून घेतले होते, ते ठीक आहेत. लक्ष न लागण्याच्या विकाराची लक्षणे मला दिसली नाहीत आणि वर्गशिक्षिकांच्या प्रश्नावलीतही ती आढळली नाहीत.

हा आळस नाही आणि आपल्या संगोपनातली चूकही नाही. बाबांनी स्वतःच्या शाळेतल्या अडचणी सांगितल्या, त्या मला महत्त्वाच्या वाटतात, कारण हा त्रास बरेचदा घराण्यात चालत येतो.

आठवड्यातून तीनदा विशेष शिक्षकांकडे ध्वनी-अक्षरांचा क्रमवार सराव सुरू करावा, असे मी सुचवते. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घेणे कृपया थांबवावे. त्याने हात दुखतो, ध्वनी सुटा होत नाही. रोज रात्री त्याच्या आवडीचे पुस्तक आपण वाचून दाखवावे, म्हणजे वाचन मागे असले तरी शब्दसंग्रह मागे पडणार नाही. शाळेसाठी स्वतंत्र पत्र जोडले आहे. त्यात जादा वेळ, तोंडी उत्तरांची मुभा आणि सर्वांसमोर वाचायला न लावणे, एवढ्याच विनंत्या आहेत.

ही अक्षमता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समाविष्ट आहे. मात्र माझा अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. ते शासनमान्य रुग्णालयातूनच मिळते. घाई नाही, पण दहावीपर्यंतही थांबू नये.

ईशानला यातले काय आणि कसे सांगायचे, ते शनिवारी ११ वाजता भेटीत ठरवू. त्याला सोबत आणावे.

आपली विश्वासू,
बाल न्यूरोसायकॉलॉजिस्ट