इन्व्हेंटरीची सूत्रं: किती मागवायचं, केव्हा मागवायचं आणि कशाच्या भरवशावर

प्रकरण लांबलचक असलं तरी प्रश्न दोनच आहेत: एका वेळी किती मागवायचं आणि साठा कितीवर आला की मागवायचं. प्रत्येक सूत्र काही गोष्टी गृहीत धरतं. पेपरात मार्क तिथेच जातात आणि कारखान्यात पैसेही तिथेच जातात. म्हणून इथे सूत्राला लागूनच त्याची गृहीतकं दिली आहेत.

चिन्हं: D वर्षाची मागणी, d रोजची मागणी, S एका ऑर्डरचा खर्च, C एका नगाचा किंवा किलोचा दर, i साठवणुकीचा वार्षिक दर, H = iC, L लीड टाइम, म्हणजे मागवल्यापासून माल येईपर्यंतचे दिवस, Q एका वेळी मागवायचं प्रमाण, TC वर्षाचा एकूण खर्च.

ईओक्यू

ईओक्यू म्हणजे एका वेळी मागवायचं सर्वांत किफायतशीर प्रमाण, Q*. हे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं.

```
Q* = √(2DS/H)
TC = (D/Q)S + (Q/2)H + DC
```

गृहीतकं अशी: मागणी ठरलेली आणि एकसारखी, लीड टाइम ठरलेला, माल एकदम येतो, दर प्रमाणानुसार बदलत नाही, तुटवडा पडत नाही, आणि ही वस्तू इतर वस्तूंपासून स्वतंत्रपणे मागवली जाते.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं फेरोसिलिकॉन घेऊ. वर्षाला ९,००० किलो लागतं, कामाचे दिवस ३००, म्हणजे रोज ३० किलो. दर ₹१५० किलो, i = २०%, म्हणून H = ₹३०. S = ₹६००.

Q* = √(२ × ९००० × ६०० / ३०) = ६०० किलो. ५० किलोची १२ पोती, वर्षात १५ ऑर्डरी. ऑर्डरखर्च ₹९,००० आणि साठवणखर्चही ₹९,०००. हे दोन आकडे जुळले नाहीत तर गणितात कुठेतरी घोळ आहे. उत्तर तपासायचा हा सर्वांत झटपट मार्ग.

H मध्ये कॅश क्रेडिटचं व्याज, विमा, जागा, नासधूस हे सगळं येतं. S मध्ये मात्र फक्त ऑर्डरीमागे लागणारा खर्च धरायचा: गाडीची खेप, तपासणी, नोंदी. हमाली पोत्यामागे द्यावी लागते, त्यामुळे ती S मध्ये येत नाही. खरेदी विभागाच्या माणसाचा पगारही नाही, कारण ऑर्डरी कमी केल्या म्हणून त्याचा पगार घटत नाही. D वर्षाचा आणि H महिन्याचा घेतला, तर उत्तर √१२ पट, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट फुगतं.

६०० वरच अडून बसायची गरज नाही. ८०० किलो मागवले तर हे दोन खर्च मिळून ₹१८,७५०, म्हणजे ₹१८,००० पेक्षा जेमतेम ४% जास्त. तळाशी वक्र सपाट असतो, म्हणून पूर्ण पोती, गाडीची क्षमता, दुकानदाराचा किमान लॉट यांकडे बघून आकडा खुशाल थोडा वर-खाली करा.

दरात सूट असेल तर

ईओक्यूचं 'दर बदलत नाही' हे एकच गृहीतक इथे सुटतं, बाकीची तशीच. १,००० किलो किंवा त्याहून जास्त घेतल्यावर दर ₹१४७ झाला, तर त्या दराने ईओक्यू येतो ६०६. तो पट्ट्यात बसत नाही, म्हणून पट्ट्याची सुरुवात, १,००० घ्यायची. आता DC धरून एकूण खर्च काढा: ६०० ला ₹१३,६८,०००, १,००० ला ₹१३,४३,१००. सूट घ्यावी. DC विसरलं तर निकाल उलटा लागतो, आणि हीच चूक सर्वाधिक होते. गोडाऊनमध्ये जागा आहे का आणि माल तेवढे दिवस टिकतो का, हे मात्र सूत्र विचारत नाही.

स्वतःच बनवत असाल तर

माल एकदम न येता रोज p या वेगाने तयार होतो आणि त्याच वेळी d या वेगाने वापरलाही जातो. p > d असलाच पाहिजे. S म्हणजे इथे सेटअपचा खर्च.

```
Q* = √( 2DS / (H(1 − d/p)) )
Imax = Q(1 − d/p)
```

मच्छेतलं एक मशिनशॉप व्हॉल्व्हबॉडी बनवतं: D = १२,०००, d = ४०, p = १००, S = ₹९००, H = ₹२५. Q* = १,२००, म्हणजे १२ दिवस मशीन चालवायची, ३० दिवसांचं चक्र. सर्वाधिक साठा ७२०, सरासरी ३६०. सरासरी साठा Q/2, म्हणजे ६००, लिहिला की उत्तर चुकलंच.

रिऑर्डर पॉइंट

मागणी आणि लीड टाइम दोन्ही पक्के असतील तर ROP = dL. फेरोसिलिकॉन ४ दिवसांत येत असेल तर १२० किलो. पण मागणी रोज सारखी नसते, आणि माल वेळेवर येईलच असंही नाही.

```
ROP = dL + z·σd·√L
ROP = dL + z·√(L·σd² + d²·σL²)
```

σd म्हणजे रोजच्या मागणीचं प्रमाण विचलन, σL लीड टाइमचं. पहिलं सूत्र फक्त मागणी हलते तेव्हा. दुसरं लीड टाइमही हलतो तेव्हा. दोन्हींत मागणी नॉर्मल वितरणाची, एका दिवसाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दुसऱ्यात मागणी आणि लीड टाइमचाही एकमेकांशी संबंध नाही. z किती, हे एका चक्रात साठा न संपण्याची खात्री किती हवी त्यावर ठरतं: ९०% ला १.२८, ९५% ला १.६४५, ९८% ला २.०५, ९९% ला २.३३.

σd = ६ किलो, ९५% घेऊ. पहिल्या सूत्राने dL च्या वरचा सुरक्षासाठा १.६४५ × ६ × २ ≈ २० किलो, ROP १४०. आता पुरवठादार कधी तीन, कधी पाच दिवस लावतो, σL = १ दिवस. √(१४४ + ९००) = ३२.३, सुरक्षासाठा ५३, ROP १७३. मुळाखालच्या १०४४ पैकी ९०० नुसत्या पुरवठादारामुळे आले. मागणीचा अंदाज सुधारत बसण्यापेक्षा पुरवठादाराकडून तारीख पाळून घेणं इथे जास्त फायद्याचं. पावसाळ्यात गोव्याहून घाट चढून येणाऱ्या पिग आयर्नला तर चार महिन्यांचा σL वेगळा काढावा; वर्षाची सरासरी जूनमध्ये तोंडघशी पाडते.

प्रत्यक्षात चार पोती उरली की ऑर्डर. ROP शी ताडून बघायचा तो साठा म्हणजे हातातला अधिक वाटेवरचा. वाटेवरचा धरला नाही तर एकाच कमतरतेसाठी दोनदा ऑर्डर जाते. σ महिन्याचा दिला असेल आणि महिन्यात २५ दिवस काम होत असेल तर त्याला ५ ने भागा, २५ ने नाही.

९५% म्हणजे ९५% मागणी भागते असं नव्हे. शंभर चक्रांपैकी ९५ मध्ये माल संपत नाही, एवढंच. वर्षाला १५ ऑर्डरी असतील तर १५ × ०.०५ = ०.७५, म्हणजे चार वर्षांत सरासरी तीन वेळा साठा संपेल.

ठरावीक दिवशी मागवणं

निपाणीतल्या औषधदुकानात वितरकाचा माणूस दर सात दिवसांनी येतो, माल दोन दिवसांनी मिळतो. दोन ऑर्डरींमधलं अंतर P = ७, L = २, d = २० स्ट्रिप्स, σd = ५, ९८%.

```
q = d(P+L) + z·σd·√(P+L) − (हातातला + वाटेवरचा)
```

१८० + ३१ = २११; शेल्फवर ६४, वाटेवर काही नाही, मागवायचे १४७. सुरक्षासाठा इथे ३१, तर सतत नजर ठेवली असती तर साधारण १५. √L लिहून √(P+L) विसरणं ही या प्रकारातली नेहमीची चूक.

एकाच फेरीची खरेदी

उरलेला माल दुसऱ्या दिवशी विकला जात नाही, आणि पुन्हा मागवायची संधीही नाही. Cu म्हणजे एक नग कमी पडल्याचा तोटा, Co म्हणजे एक नग उरल्याचा तोटा; P इथे शक्यता दाखवतो.

```
P(मागणी ≤ Q) = Cu / (Cu + Co)
```

गणेशचतुर्थीला उकडीचे मोदक: खर्च ₹१८, विक्री ₹३०, उरला तर शून्य. Cu = १२, Co = १८, गुणोत्तर ०.४०, z = −०.२५. सरासरी मागणी ४००, σ = ६० असेल तर Q = ३८५. सरासरीपेक्षा कमी उत्तर आलं म्हणून पुष्कळजण z चं चिन्ह बदलून ४१५ लिहितात, पण गुणोत्तर ०.५ च्या खाली असलं की Q सरासरीच्या खालीच येतो.