हापूसच्या मोहोर-संरक्षणाची एकदिवसीय कार्यशाळा, गुहागर : सकाळचं स्वागत निवेदन

(माइकवर दोनदा टिचकी. मागच्या रांगेतून हात वर आला की मगच सुरुवात.)

मंडळी, नमस्कार! मागे ऐकू येतंय ना? खिडकीपाशी बसलेले काका, जरा हात वर करा. येतंय म्हणतात. झालं तर मग.

आपल्या बागायतदार सहकारी संस्थेच्या वतीने तुम्हा सगळ्यांचं गुहागरात मनापासून स्वागत. पालशेत, असगोली, अंजनवेल, वेळणेश्वर, हेदवी इथली मंडळी तर घरचीच. पण दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून आलेले आणि जयगडहून तवसाळमार्गे आलेले बागायतदार पहाटेपासून घराबाहेर आहेत. त्यांच्यासाठी एकदा टाळ्या होऊन जाऊ देत.

(टाळ्या. लांबवू नये.)

दापोलीच्या कृषी विद्यापीठातले तीन तज्ज्ञ आपल्यात आहेत. कोकणासाठी म्हणून १९७२ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ, त्यामुळे हे पाहुणे आपल्या कातळावरच्या बागा ओळखून आहेत. त्यांची ओळख ज्या त्या सत्राच्या सुरुवातीला करून देईन. आज शाल-श्रीफळ नाही, हारतुरे नाहीत. दीपप्रज्वलनही नाही. गेल्या वर्षी समुद्राकडच्या दारातून वारा असा आत शिरला, की समई लावता लावता अर्धी काडेपेटी संपली आणि पहिल्या सत्राची वीस मिनिटं तिथेच गेली. यंदा ती वीस मिनिटं आपल्या प्रश्नांना दिली आहेत.

आता दिवसभराच्या वेळा. तुमच्या हातात जी छापील पत्रिका आहे, तिच्यातला क्रम कृपया विसरा. पत्रिकेत फवारणीचं प्रात्यक्षिक दुपारी दोनला छापलंय. पाहुण्यांनी पत्रिका बघितल्याबरोबर फोन केला, "दोनला समुद्राकडचा वारा सुटलेला असतो, तेव्हा फवारणी करायची नाही हेच तर आम्ही शिकवतो!" बरोबर आहे त्यांचं. ऑक्टोबरचं ऊन आहे ते वेगळंच. म्हणून प्रात्यक्षिक सकाळी घेतलंय. बदललेला क्रम दाराजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलाय, तोच खरा.

नाव नोंदवताना प्रत्येकाला एक कार्ड मिळालंय, पिवळं किंवा हिरवं. पिवळं कार्डवाले आत्ता साडेनऊला मागच्या बागेत जातील आणि दहा वाजून पाच मिनिटांनी परत येतील. तेवढ्या वेळात हिरवं कार्डवाले इथेच, भिंतीकडच्या टेबलांवर, भिंगातून तुडतुडे, फुलकिडे आणि भुरी बघतील. मग अदलाबदल, दहा चाळीसपर्यंत. दोघं भाऊ आलेत आणि कार्डं वेगवेगळी निघालीत, तर आपसात बदलू नका. आम्ही चाळीस-चाळीस माणसं मोजून गट केलेत, बागेत त्याहून जास्त मावत नाहीत. घरी गेल्यावर काय पाहिलं ते एकमेकांना सांगा.

दहा चाळीस ते अकरा चहा. अकरा ते पाऊण हे आजचं मुख्य सत्र. नव्या पालवीवर तुडतुडा वाढतो तिथपासून मोहोर फुटून फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत कोणती फवारणी कधी, आणि एकाच गटातलं औषध पुन्हा पुन्हा का मारायचं नाही, हे सगळं त्यात आहे. वही-पेन हातात ठेवा. औषधाचं प्रमाण मला विचारू नका, मी निवेदक आहे. माझ्या सांगण्यावरून बाग जळली तर संस्था मला पुढच्या वर्षी माइक देणार नाही.

पाऊण ते पावणेदोन जेवण. पावणेदोन ते तीन दुसरं सत्र, फळमाशी आणि साका. फळमाशीचा रक्षक सापळा तिथे उघडून दाखवणार आहेत. जेवणानंतर डोळे मिटतात, म्हणून हे बघायचं काम मुद्दाम दुपारी ठेवलंय. तीन ते सव्वातीन चहा. सव्वातीन ते सव्वाचार हवामान आधारित फळपीक विमा आणि तुमचे प्रश्न. सव्वाचार ते साडेचार प्रमाणपत्रं.

आणि साडेचारला कार्यक्रम संपणार म्हणजे संपणार. पाहुण्यांसकट निम्म्या लोकांना खाडी ओलांडून जायचंय. बोट आपल्या आभार प्रदर्शनासाठी धक्क्यावर थांबत नाही. म्हणून मी प्रत्येक सत्र संपायला पाच मिनिटं असताना ही घंटा वाजवीन. (घंटा एकदा वाजवून दाखवणे.) दुसऱ्यांदा वाजली की वक्त्यांनी वाक्य पुरं करायचं. मी पाहुण्यांची आधीच माफी मागून ठेवली आहे, तुमची आत्ता मागतो.

प्रश्नांचं सांगतो. तुमच्या पिशवीत कोऱ्या चिठ्ठ्या आहेत. प्रश्न, नाव आणि गाव लिहून पुढच्या डब्यात टाका. विम्याचे पैसे का आले नाहीत, हा प्रश्न मला माहीत आहे, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे आणि रास्त आहे. पण तो सव्वातीनलाच घेऊ. सकाळी तो विषय निघाला की तुडतुडा राहतो बाजूला. त्या सत्राला सातबारा, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स हाताशी असेल तर बरं. ई-पीक पाहणीत आंब्याची नोंद झाली आहे की नाही, तेही जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बघून ठेवा. झेरॉक्स काढायची राहिली असेल तर संस्थेच्या टेबलावरच्या मुलाला सांगा. त्याला बाजारात धाडतो, पण दुकान दुपारी बंद असतं, तेव्हा सकाळीच सांगा.

त्याच टेबलाशेजारी हापूसच्या भौगोलिक मानांकनाची माहिती मिळेल. २०१८ साली आपल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला हे मानांकन मिळालं. पण 'हापूस' म्हणून ते चिन्ह पेटीवर लावायचं तर बागायतदाराची स्वतःची नोंदणी लागते. ज्यांची राहिली आहे त्यांनी चहाच्या वेळी तिथे जाऊन या.

आता एक जरा कडक सांगणं. कोणी घरून औषधाची अर्धी बाटली आणली असेल, "हे चालेल का" विचारायला, तर ती सभागृहात आणू नका. गेल्या खेपेला एकाच्या पिशवीत बाटलीचं बूच सैल झालं आणि ती पिशवी नेमकी डब्यांच्या शेजारी ठेवलेली होती. नशीब, डब्यांची झाकणं घट्ट होती. बाटली बाहेर पडवीत लाल बादली ठेवली आहे तिच्यात उभी ठेवा, आणि लेबलाचा फोटो काढून पाहुण्यांना दाखवा. नाव आणि त्रिकोणाचा रंग दिसला पाहिजे. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. जाताना बाटली आठवणीने न्या, संस्थेकडे टाकून जाऊ नका.

रोगट पानं, मोहोराच्या डहाळ्या आणल्यात त्यांनी त्या बंद प्लास्टिक पिशवीतच भिंतीकडच्या टेबलावर द्या. पिशवी उघडून दाखवू नका, तुडतुडे आपल्याकडे पुरेसे आहेत.

बागेत जायचा रस्ता सभागृहाच्या मागून. चिऱ्याच्या सात पायऱ्या आहेत आणि पावसाळ्याचं शेवाळ अजून पुरतं गेलेलं नाही. काल घासून घेतल्यात, तरी डाव्या हाताचा कठडा धरूनच उतरा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी गडग्याच्या कडेने फिरून यावं, दोन मिनिटं जास्त लागतील. प्रात्यक्षिकाच्या पंपात निव्वळ पाणी आहे, तरी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे सवय लागेल. कोपऱ्यातलं झाड रत्ना आहे, नीलम आणि हापूसचा संकर. त्याची चौकशी जेवताना करा, तिथे पस्तीस मिनिटंच आहेत.

जेवण आपल्याच बचत गटाच्या वहिनींनी केलंय. भात, आमटी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी आणि गोडाला तांदळाची खीर. सगळं शाकाहारी आहे. मासे नाहीत म्हणून कुरकुर करू नका, आज रविवार आहे हे आम्हालाही कळतं! ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी रांगेत उभं राहायचं नाही, सरळ पुढे जाऊन ताट घ्यायचं. त्यांच्या चहात साखर नको असेल तर निळ्या झाकणाची किटली वेगळी आहे. पानात टाकू नका, लागेल तसं पुन्हा वाढून घ्या. कागदी पेले पडवीतल्या पोत्यात टाका, आगरात फेकू नका. शेजारच्या नारळीच्या मालकीणबाईंनी गेल्या वर्षी पेले मोजून परत आणून दिले होते, सत्तावीस होते.

पिण्याचं पाणी दाराशी पिंपात. स्वच्छतागृहं बाहेर पडून उजवीकडे, बायकांचं अलीकडे, पुरुषांचं विहिरीच्या पलीकडे. विहिरीच्या काठावर कोणी बसू नका, मुलं आणली असतील तर हात धरा.

वीज गेली तर जागेवरच बसा, जनरेटर सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात. परतीचा पाऊस अजून एखादी सर टाकेल असं आभाळ दिसतंय. गडगडायला लागलं तर बागेतली मंडळी ताबडतोब आत येतील, झाडाखाली कोणी थांबायचं नाही. बाहेर पडायला दारं दोन आहेत. समोरचं तुम्ही पाहिलंत. समुद्राकडचं जरा अडकतं, खाली पाय लावून ढकललं की उघडतं. तिथे आपला स्वयंसेवक दिवसभर बसलेला आहे. प्रथमोपचाराची पेटी माझ्या टेबलाखाली.

मोबाइल आवाज बंद करून ठेवा. मुंबईहून मुलाचा फोन आलाच तर उठून बाहेर जा, कोणी रागावणार नाही. पडद्यावरच्या चित्रांचे फोटो काढत बसू नका, सगळं संध्याकाळी व्हॉट्सॲप गटावर टाकतोय.

आणि बाहेर फाटकात कोणीतरी पांढरा टेम्पो आडवा लावलाय, नारळाच्या पोत्यांचा. त्याच्यामागे जेवणाची गाडी अडकलीये. ज्यांचा असेल त्यांनी आधी तो काढावा.

(घड्याळ बघणे. साडेनऊ.)

चला, पिवळं कार्डवाले, मागच्या दाराने. चपला तिथेच ठेवल्यात ना? कठडा धरा. हिरवं कार्डवाले, भिंगाकडे या, एका टेबलाशी आठ-आठ जण.