विषय: क्षेत्र समन्वयक पद – मुलाखतीत सांगायचे राहिलेले एक काम

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी पणजीच्या कार्यालयात आपण, अभियंता सर आणि हिशेब पाहणारे सर यांनी माझ्याशी बोलायला पाऊण तास दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. खाजनांच्या बांधांचे काम आपण गावकऱ्यांना बरोबर घेऊनच करता, बाहेरून कंत्राटदार आणून उरकत नाही, हे आपण सुरुवातीलाच सांगितलेत. तेव्हापासून ही जागा मला अधिकच हवीशी वाटते आहे.

मुलाखत मला हवी तशी झाली नाही. आपल्याही ते ध्यानात आले असेल. दोन प्रश्नांवर मी अडखळले आणि त्यानंतर बोलणे आखडले. त्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी थोडक्यात देते. हे पत्र मात्र मुख्यतः तिसऱ्या गोष्टीसाठी आहे. ती तिथे सांगायलाच हवी होती आणि या कामाशी तिचा थेट संबंध आहे.

क्षारतेबद्दल सरांनी विचारले तेव्हा मी समुद्राच्या पाण्याचा आकडा सांगून थांबले. त्यांना भाताचा हवा होता. सर्वसाधारण भातासाठी मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला 3 डेसिसीमेन्सच्या वर गेली की उत्पादन घटू लागते, असे धरतात. आपले कोरगुट त्याहून बरेच खारटपण सोसते, म्हणून तर ते खाजनात टिकले. दुसरा प्रश्न बांध फुटल्यास जबाबदारी कोणाची, हा होता. 1961 ची कोमुनिदाद संहिता आणि 1964 चा कूळ कायदा यांची मी सरमिसळ केली. जिथे कूळ संघटना आहे तिथे कूळ कायद्याखालचे 1975 चे नियम लागू होतात. बांधाची सामायिक देखभाल आणि मानशीच्या मासेमारीचा लिलाव ही कामे त्या संघटनेकडे येतात. लिलावाचे पैसे बांधावरच खर्च होतात की नाही, हा मात्र गावागणिक वेगळा विषय आहे. आपण तो माझ्यापेक्षा जास्त पाहिला असेल.

आता मूळ मुद्दा. ‘वाद असलेल्या गावात तुम्ही पहिल्या दिवशी काय कराल?’ असे आपण विचारले होते. ‘दोन्ही बाजूंचे ऐकून घेईन’ असे मी म्हणाले. असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात मी काय करते, ते सांगायचे राहिले.

मी चोडणची. आमच्या वाड्याच्या खाजनात सरदीचे भात निसवायला आले असताना मानशीच्या बाजूच्या शेतात खारे पाणी चढू लागले. पानांचे शेंडे करपले. कुळांचे म्हणणे होते की मानस घेतलेल्या माणसाची पोरे रात्री फळ्या उचलून भरती आत घेतात, म्हणजे ओहोटीला जाळ्यात कोळंबी जास्त मिळते. मानसवाला म्हणत होता की पीक हातचे गेले तर त्याच्याकडून भरपाई काढायला कुळांनीच बांध कुठेतरी उकरला आहे. देवळाच्या मंडपात एक बैठक झाली आणि आरडाओरड होऊन मोडली. मी तेव्हा भूगोलात एम. ए. करत होते. खाजनातला अर्धा तुकडा आमच्या घराकडेही आहे, त्यामुळे मी तटस्थ आहे असे कोणी मानण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणून मी कोणाचे खरे, हा विषयच काढला नाही. मानशीच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन काठ्या रोवायच्या, त्यांवर विताविताच्या खुणा करायच्या आणि भरती-ओहोटीला पाणी कुठवर आले ते लिहायचे, एवढेच सुचवले. अट एकच होती. प्रत्येक नोंदीच्या वेळी एक माणूस कुळांचा आणि एक मानसवाल्याचा हजर हवा आणि वहीत दोघांची सही किंवा अंगठा हवा. मी एकटीने लिहिली असती तर ती वही माझी ठरली असती आणि पहिल्याच बैठकीत कोणीतरी ती बाजूला सारली असती. माझ्या मते या सगळ्यात खरे काम होते ते एवढेच. काठ्या कोणीही रोवेल.

लोक यायला लागले ते एकमेकांवर नजर ठेवायला. माझी त्याला काही हरकत नव्हती. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कधी पहाटे, कधी ऐन मध्यरात्री जावे लागे. तिथी, वेळ, आतली खूण, बाहेरची खूण, फळ्या बंद की उघड्या, पाऊस पडला की नाही, इतकेच रकाने होते. पावसाचे दिवस मी हिशेबात धरले नाहीत, कारण तेव्हा आत चढलेले पाणी डोंगराकडून आलेले की खाडीकडून, हे काठीवरून कळत नाही. सुदैवाने गणपतीनंतर पावसाने उघडीप दिली.

अमावस्येचे उधाण आणि अष्टमीचा भांग असे दोन्ही वहीत आले तेव्हा चित्र दिसू लागले. भांगाच्या दिवसांत फळ्या बंद असताना आतले पाणी जागचे हलत नव्हते. उधाणाला मात्र फळ्या बंद असूनही ते चढायचे, आणि तेही बाहेरच्या पाण्याने काठीवरची एक ठरावीक खूण ओलांडल्यावरच. कोणी फळ्या उचलत असते, किंवा मानशीच्या तळाशी फट असती, तर लहान भरतीलाही पाणी आत आले असते. म्हणजे वाट मानशीत नव्हती, बांधात होती आणि तीही वरच्या अंगाला.

हे मी बैठकीत सांगितले नाही. वही त्यांच्यापुढे ठेवली आणि भांगाची व उधाणाची पाने वेगवेगळी वाचून दाखवली, कोकणीत, कारण आमच्याकडे भांडण आणि समेट दोन्ही कोकणीतच होतात. निष्कर्ष काढला तो मानसवाल्याच्या बाजूने रात्री उभ्या राहणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी. पुढच्या पौर्णिमेच्या भरतीला दोन्हीकडची माणसे बॅटऱ्या घेऊन बांधावरून चालत गेली. खारफुटीच्या दाटीमागे, जिथे सहसा कोणी पाय ठेवत नाही, तिथे कुर्ल्यांच्या बिळांतून पाणी आत झिरपत होते. बांध तेवढ्या पट्ट्यात खचलाही होता. ओहोटीला चिखल आणि पेंढा घालून तो पट्टा दोघांनी मिळून भरला. तोवर करपलेले पीक काही परत आले नाही, आणि भरपाईचा वाद वेगळ्या मार्गाने बराच काळ चालला, हेही सांगते. पण मानस फोडण्याची भाषा त्या दिवसानंतर थांबली. वही अजून चालू आहे, आणि आता ती मी लिहीत नाही.

मॅडम, माझी जमेची बाजू म्हणून मी हीच एक गोष्ट पुढे ठेवते. एकमेकांवर विश्वास नसलेल्या लोकांकडून, दोघांनाही नाकारता येणार नाही अशी नोंद मी तयार करून घेऊ शकते आणि ती वाचूही शकते. आपल्या कामात बांध कुठे आधी दुरुस्त करायचा, मानशीच्या फळ्या बदलायच्या की बांध उंच करायचा, हे निर्णय अशाच नोंदींवर उभे राहतात. सरांनी दाखवलेल्या नकाशावर बांधाची लांबी होती, पण पाणी कोणत्या तिथीला कुठवर चढते ते नव्हते. मला ते तेव्हाच विचारायचे होते.

जे येत नाही तेही स्पष्ट असावे. बांधाच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक मी स्वतंत्रपणे करू शकत नाही. जागेवरची मापे, पाण्याच्या पातळ्या आणि चिखल-चिरे कुठून मिळतील याची माहिती अभियंत्यांना हव्या त्या रूपात आणून देऊ शकते. संगणकावर नकाशे जोडण्याचे काम एम. ए.च्या प्रकल्पात केले आहे, पण रोजच्या सरावातले नाही.

वहीच्या दोन पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत, एक भांगाचे आणि एक उधाणाचे. सह्यांचा भाग झाकला आहे, कारण ती माणसे गावातली आहेत आणि छायाचित्रे बाहेर देताना मी त्यांना तसा शब्द दिला आहे. अक्षर माझे एकटीचे नाही, काही ओळी रोमी लिपीत आहेत. तिथी मात्र सगळीकडे एकाच रकान्यात आहे, त्यामुळे वाचायला अडचण येऊ नये. मूळ वही पाहायची असल्यास घेऊन येईन.

निवड आपण आपल्या निकषांवर कराल, त्यात या पत्राने घाई व्हावी असा हेतू नाही. मात्र निर्णयाआधी उमेदवारांना एखाद्या खाजनात बरोबर नेण्याचा विचार असेल, तर मला जरूर बोलवा. येत्या आठवड्यात अमावस्या आहे. मोठ्या ओहोटीला मानशीची तळाची फळी उघडी पडते आणि ती झिजली आहे का, ते तेव्हा नीट दिसते. पहाटेची वेळ असली तरी चालेल. रायबंदरला उतरणारी पहिली फेरीबोट मला मिळते.

अभियंता सरांना आणि हिशेब पाहणाऱ्या सरांना माझा नमस्कार सांगावा. प्रवासखर्चाच्या नोंदींबद्दल त्यांनी विचारले होते. गावातल्या कामात बिल न मिळणारे खर्च, म्हणजे होडीचे भाडे किंवा रात्री हजर राहिलेल्या माणसांचा चहा, मी तारीखवार लिहून ठेवते आणि ज्याला पैसे दिले त्याची सही घेते. आपल्या संस्थेचा त्यासाठी वेगळा नमुना असल्यास तो वापरेन.

माझा दूरध्वनी क्रमांक अर्जावर आहेच. दुपारी एकनंतर मी केव्हाही बोलू शकते.

आपली विश्वासू,
मृणाल
चोडण, तिसवाडी