ओसीआय कार्डासाठी अर्ज: केरकर कुटुंबाचे सोबतपत्र व कागदपत्रांची यादी

फोंडा, गोवा
10 मार्च 2025

प्रति,
विदेशी प्रादेशिक नोंदणी अधिकारी,
पणजी, गोवा.

विषय: एकाच कुटुंबातील तिघांचे ओसीआय कार्डासाठी अर्ज. जुन्या भारतीय पासपोर्टवरील नाव व रद्द शिक्क्याबाबत खुलासा.

महोदय,

मी विठ्ठल पुंडलिक केरकर, पत्नी सुलभा आणि मुलगी मुक्ता (वय 12) असे आम्ही तिघे ब्रिटिश नागरिक आहोत. ociservices.gov.in वर भरलेले तिघांचे अर्ज, भाग अ आणि भाग ब छापून व सही करून, सोबत जोडले आहेत. माझा आणि पत्नीचा अर्ज नागरिकत्व अधिनियम 1955 च्या कलम 7अ खाली, पूर्वी भारतीय नागरिक असल्याच्या आधारावर आहे. मुक्ताचा आमची अपत्य म्हणून. आजोबांच्या काळातले पोर्तुगीज दाखले त्यामुळे मुद्दाम जोडलेले नाहीत. आमच्यापैकी कोणाचीही जन्मनोंद लिस्बनमध्ये केलेली नाही. ब्रिटिश नागरिकत्व आम्हा दोघांना तिथल्या वास्तव्यावरून मिळाले, मुक्ताला जन्मतः.

2 जुलै 2024 पासून आम्ही एंट्री व्हिसावर फोंड्यात वडिलांच्या घरी सलग राहत आहोत. सहा महिन्यांची अट पूर्ण झाली आहे.

माझी कागदपत्रे

1. ब्रिटिश पासपोर्ट (मुदत 2031 पर्यंत), व्हिसाचे पान आणि नोंदणी प्रमाणपत्र
2. ब्रिटिश नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, 2008
3. जुना भारतीय पासपोर्ट, पणजी, 1999: मूळ प्रत, तसेच पहिल्या, शेवटच्या आणि शिक्का असलेल्या पानांच्या झेरॉक्स
4. जन्मदाखला, फोंडा, 1974
5. नावाबाबत नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र

क्रमांक 3 बद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पडताळणीत अर्ज अडकला तर इथेच अडकेल. हा पासपोर्ट हाताने लिहिलेला आहे. त्यात आडनावाचा रकाना रिकामा असून 'विठ्ठल पुंडलिक केरकर' हे सगळे नाव दुसऱ्या रकान्यात एकाच ओळीत आहे. इंग्रजीत विठ्ठलमध्ये तिथे दोन 'टी' आहेत, ब्रिटिश पासपोर्टवर एकच. ऑनलाइन अर्जात नाव आणि आडनाव ब्रिटिश पासपोर्टप्रमाणेच भरले आहे. जुने स्पेलिंग पूर्वीच्या नावाच्या रकान्यात दिले आहे. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्रात नमूद आहे. जन्मतारीख दोन्ही पासपोर्ट आणि जन्मदाखल्यावर, तर आईवडिलांची नावे जुना भारतीय पासपोर्ट आणि जन्मदाखल्यावर तंतोतंत जुळतात.

रद्द केल्याचा शिक्का लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाने 2008 मध्ये मारला. त्यात परदेशी नागरिकत्व घेतल्याचे कारण लिहिलेले आहे. मी 1 जून 2010 पूर्वी नागरिकत्व घेतले असल्याने वेगळे त्याग प्रमाणपत्र माझ्याकडे नाही. त्याऐवजी हा शिक्का ग्राह्य धरावा, ही विनंती. पावसाळी दमटपणामुळे फोटोवरचे प्लास्टिक एका कोपऱ्यात सुटले आहे आणि आतली दोन कोरी पाने एकमेकांना चिकटली आहेत. चिकटपट्टी लावलेली नाही, पाने सोडवायचा प्रयत्नही केलेला नाही, कारण त्यामुळे खाडाखोडीचा संशय येऊ शकतो. शिक्का, सही आणि क्रमांक स्पष्ट वाचता येतात. झेरॉक्समध्ये शिक्का फिका उमटतो, म्हणून त्या पानाची रंगीत प्रत दिली आहे.

पत्नी: सौ. सुलभा विठ्ठल केरकर

हिने 2013 मध्ये नागरिकत्व घेतले, म्हणून त्याग प्रमाणपत्र आवश्यक आहे. ते रद्द झालेल्या पासपोर्टसोबत जोडले आहे. ब्रिटिश पासपोर्ट, व्हिसा, नोंदणी व नागरिकत्वाचे प्रमाणपत्रही आहे. जन्मदाखल्यावर माहेरचे नाव, सुलभा वामन बांदेकर, असल्याने फोंड्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडचा 2002 चा विवाहनोंदणी दाखला दोन नावांमधला दुवा म्हणून दिला आहे.

मुलगी: कु. मुक्ता विठ्ठल केरकर

ब्रिटिश पासपोर्ट, व्हिसा व नोंदणी प्रमाणपत्र. लेस्टरचा 2012 चा जन्मदाखला, अपोस्टिलसह. हा आईवडिलांची नावे असलेला पूर्ण दाखला आहे, तिथला आखूड दाखला नव्हे, कारण त्यावर पालकांची नावे नसतात. आम्हा दोघांच्या सहीचे संमतिपत्र. विवाहनोंदणी दाखला आणि आमच्या पासपोर्टच्या प्रती तिच्या संचात पुन्हा लावल्या आहेत, म्हणजे तिची फाइल स्वतंत्रपणेही तपासता येईल. तिच्या जन्माची नोंद भारतीय दूतावासात केली नव्हती आणि तिचा भारतीय पासपोर्ट कधीच नव्हता. त्यामुळे त्याग प्रमाणपत्राचा प्रश्न येत नाही. अर्जावरची सही तिने स्वतः केली आहे.

तिघांसाठी सामाईक

राहत्या घराचे वीजबिल, घरमालक म्हणून वडिलांचे ना हरकत पत्र आणि फॉर्म सी ची पावती. प्रत्येकी 51 बाय 51 मिलिमीटरचे दोन फोटो. पार्श्वभूमी फिकट रंगाची आहे, पांढरी नाही. शुल्क प्रत्येकी 15,000, एकूण 45,000 रुपये.

झेरॉक्सवर आम्ही स्वतः सह्या केल्या आहेत. मुक्ताच्या प्रतींवर माझी सही आहे. सर्व मूळ कागद पडताळणीसाठी आणले आहेत, ते पाहून परत द्यावेत. आमच्यापैकी कोणीही, आमचे आईवडील किंवा आजीआजोबा, कधीही पाकिस्तान वा बांगलादेशचे नागरिक नव्हते.

जुन्या पासपोर्टवरील नावाबाबत आणखी पुरावा हवा असल्यास अर्ज नाकारण्याऐवजी कृपया त्रुटी कळवावी. पणजी पासपोर्ट कार्यालयातील 1999 च्या नोंदीवरून खातरजमा करण्यास माझी संमती आहे.

आपला विश्वासू,
विठ्ठल पुंडलिक केरकर
(स्वतःसाठी व मुक्ताचा पालक म्हणून)

सुलभा विठ्ठल केरकर