राजगड : संजीवनी माचीवरची सकाळ

मंडळी, आवाजात धाप ऐकू येत असेल तर समजून घ्या, कारण गुंजवण्यातून पहाटेच्या अंधारात निघून चोरदरवाज्याचा खडा चढ संपवला, पद्मावती तलावाकाठी घोटभर चहा घेतला आणि उजाडायच्या आत ही माची गाठायची म्हणून जवळजवळ धावतच आम्ही इथवर आलो आहोत. आता जरा मागे वळून पाहा! सूर्य बालेकिल्ल्याच्या पाठीमागे आहे आणि त्या अख्ख्या कातळाची सावली आपल्या अंगावर पडली आहे, समोर तोरण्याच्या माथ्यावर मात्र ऊन केव्हाच पोचले आहे.

ही संजीवनी माची. राजगडाला तीन माच्या आहेत, त्यांपैकी पद्मावतीवर वस्ती होती आणि सुवेळेला ते प्रसिद्ध नेढे आहे, तरी माझा जीव अडकतो तो इथेच, आणि त्याचे कारण या तटात उतरल्याशिवाय कळत नाही. चला, उतरू या. हा जिना बघा, एका वेळी जेमतेम एक माणूस मावेल एवढाच. पाठीवरची पिशवी काढून हातात घ्यावी लागली. डोके सांभाळा... आणि हे पाहा, आपण दोन तटांच्या मधोमध उभे आहोत! बाहेरचा तट फोडून कोणी आत आलाच, तर त्याला गड मिळत नाही, मिळते ती ही अरुंद बोळ, आणि डोक्यावर आतल्या तटावरचे मावळे. बुरुजांनाही असेच बाहेरून दुसरे कवच घातले आहे, म्हणून त्यांना चिलखती बुरूज म्हणतात. खरे सांगतो, इथे उभे राहिल्यावर हल्ला करणाऱ्याचीच दया येते.

रायगड राजधानी होण्यापूर्वी वीस वर्षांहून अधिक काळ स्वराज्याचा कारभार याच डोंगरावरून चालला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले, पण राजगड महाराजांनी स्वतःकडे राखला. पुढच्या वर्षी ते आग्र्याला निघाले ते इथून, आणि सुटून परत आले तेही इथेच. मघाशी अंधारात पद्मावतीवर ज्या समाधीपाशी आपण क्षणभर थांबलो होतो, ती सईबाईंची म्हणून दाखवतात. १६५९ मध्ये त्या याच गडावर गेल्या, तेव्हा संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे होते. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत राजगडही आहे, म्हणून या दगडांवर नावे कोरणाऱ्या भावी वीरांना एवढीच विनंती, की हौस वहीत भागवा.

अरे, वारा वाढला! माइकमध्ये नुसती घरघर येत असणार. पुढे बुरुजाकडे जाणाऱ्या पायऱ्या दवाने निसरड्या झाल्या आहेत आणि मला दोन्ही हात मोकळे हवेत, तेव्हा कॅमेरा आता छातीवर लावतो. चला, बसूनच उतरू या.